एकरेण्वीय, द्विरेण्वीय आणि बेसचा आकार

‘एकरेण्वीय विलोपन दोन पायऱ्यांत होतं आणि द्विरेण्वीय एकाच पायरीत, हे उलटं कसं? आणि बेस मोठा असेल तर मुख्य अल्कीन कोणतं, हे उत्तरात कसं मांडायचं?’

नावातला आकडा पायऱ्यांचा नाही. जी पायरी सर्वांत मंद, जिच्यावर वेग ठरतो, तिच्यात किती रेणू किंवा आयन भाग घेतात, तो हा आकडा. एकरेण्वीय विलोपनात, म्हणजे E1 मध्ये, त्या पायरीत फक्त C–Br बंध तुटतो, बेसचा संबंधच येत नाही; म्हणून वेग = k[RBr]. कार्बोकॅटायन तयार झाल्यावर प्रोटॉन काढायला इथेनॉलसारखा दुबळा बेसही पुरतो. द्विरेण्वीय विलोपनात, म्हणजे E2 मध्ये, बेसने H ओढणं, द्विबंध होणं आणि Br निघणं एकाच वेळी घडतं, म्हणून वेग = k[RBr][बेस]. उत्तरात ही दोन समीकरणं आधी लिहावीत. पुढचं सगळं त्यांच्यातूनच निघतं.

आता २-ब्रोमो-२-मेथिलब्यूटेन घ्या. Br असलेल्या कार्बनला लागून दोन CH₃ आणि एक CH₂ आहे. म्हणजे काढता येण्याजोगे सहा H कडेच्या मेथिलवर आणि दोनच H आतल्या CH₂ वर. तरीही इथेनॉलमधल्या सोडियम इथॉक्साइडने सुमारे ७०% २-मेथिल-२-ब्यूटीन मिळतं. इथॉक्साइड आतल्या H पर्यंत सहज पोचतो, आणि संक्रमण अवस्थेत अर्धवट बनलेल्या द्विबंधाला जास्त अल्किल गटांमुळे स्थैर्य मिळतं. हा झायत्सेव्ह नियम.

बेस बदलून पोटॅशियम टर्ट-ब्यूटॉक्साइड घेतला की प्रमाण जवळजवळ उलटतं: सुमारे ७२% २-मेथिल-१-ब्यूटीन. याच्या ऑक्सिजनला चिकटलेल्या कार्बनवर तीन मेथिल आहेत. आतला H धरायला गेलं की ते सब्स्ट्रेटच्या मेथिलांवर आदळतात, म्हणून तो कडेचा मोकळा H काढतो. ‘हॉफमन उत्पादन’ एवढंच लिहून थांबू नका. गर्दी नेमकी कुठे होते ते एका वाक्यात लिहा.

मार्क जातात ते बहुधा E1 च्या प्रश्नात बेसचा आकार आणल्यामुळे. नुसत्या इथेनॉलमध्ये तापवलं, तर अल्कीनांपैकी मुख्य २-मेथिल-२-ब्यूटीनच. ‘अल्कीनांपैकी’ हा शब्द गाळू नका, कारण सोबत प्रतिस्थापनाने इथरही बनतं. आणि टर्ट-ब्यूटॉक्साइड दिलेला असेल तर तृतीयक हॅलाइड पाहून E1 लिहू नका; इतका तीव्र बेस असताना E2 च घडतं.

आकाराचा विचार करण्याआधी शेजारच्या कार्बनांवर किती प्रकारचे H आहेत ते मोजा. २-ब्रोमो-२-मेथिलप्रोपेनमध्ये नऊही H सारखेच, तेव्हा बेस लहान असो वा मोठा, अल्कीन २-मेथिलप्रोपीन हे एकच.