भाडेकराराचा सारांश करताना अटी कशा जपाव्यात?

सोसायटीच्या सभासदांसाठी भाडेकराराचा एका पानात सारांश करायचा आहे. ‘शिवाय’, ‘वगळता’, ‘मात्र’ वाली वाक्यं कशी लहान करू?

मूळ करारात ‘शिवाय’, ‘खेरीज’, ‘वगळता’, ‘मात्र’, ‘नाही’, ‘तोपर्यंत’ हे शब्द आधी पेनाने गोल करा. काटछाट बाकीच्या मजकुरात करा, या गोलांना हात लावू नका.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. करारात असतं: “थकीत वीजबिल भरल्याशिवाय अनामत रक्कम परत मिळणार नाही.” सारांशात लोक लिहितात: “वीजबिल भरल्यावर अनामत परत मिळेल.” वाचायला सोपं, पण अर्थ बदलला. मूळ वाक्य फक्त एक अडथळा सांगतं. किल्ल्या देणं, मोडतोडीची भरपाई अशा अटी इतर कलमांत असू शकतात. नव्या वाक्याने मात्र बिल भरताच पैसे देण्याचं वचन दिलं. म्हणून नकार तसाच ठेवा: “वीजबिल थकीत असेल तर अनामत मिळणार नाही.” हे लहानही आहे.

अपवादाचं वाक्य वेगळ्या ओळीत तोडू नका. “पहिले सहा महिने करार मोडता येणार नाही, मात्र सलग दोन महिने भाडं थकल्यास मालक मोडू शकतो” यातलं ‘सलग’ आणि ‘मालक’ दोन्ही राहायलाच हवेत. ‘मालक’ गेला तर भाडेकरूला वाटेल, आपणही मोडू शकतो.

तपासायला सारांश दुसऱ्याच्या हाती द्या आणि विचारा: वीजबिल भरलं, पण किल्ल्या दिल्या नाहीत, तर अनामत मिळेल का? उत्तर मूळ कराराशी जुळलं नाही, तर ती ओळ पुन्हा लिहा.