खाकी कव्हरखालचा डाग

*प्रिय मावशी,*

*कॉलेजपासूनच्या मैत्रिणीचं पुस्तक वाचायला आणलं होतं. तिच्या वडिलांच्या संग्रहातलं, आत त्यांची सही आणि तारीख आहे. ते आता नाहीत. जेवताना वाचत होते, लोणच्याची वाटी कलंडली आणि मुखपृष्ठावर डाग पडला. ओल्या फडक्याने पुसलं तर आणखी पसरला. मग मी वरून खाकी कव्हर घातलं आणि तसंच परत केलं. तिने भिशीत सगळ्यांसमोर सांगितलं, "पुस्तक कसं परत करावं ते हिच्याकडून शिका." त्याला आता तीन आठवडे झाले. मी चिठ्ठी लिहिली आहे, पण द्यायचा धीर होत नाही. वाचून सांगाल का?*

*"अगं, तुझ्या पुस्तकावर थोडासा डाग पडलाय असं वाटतंय. घरात पाहुणे होते, त्या गडबडीत झालं. तू रागावणार नाहीस ना? मला रात्र रात्र झोप नाही. प्लीज मला माफ कर, मी फार वाईट मैत्रीण आहे. नवीन प्रत आणून देते."*

*आणि तिच्याकडे त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक आहे, ते मागितलं तर चालेल का?*

*– खाकी कव्हर, नाशिक*

प्रिय खाकी कव्हर,

शेवटचा प्रश्न वाचून हसले. त्याच्याकडे नंतर येते. आधी तेलाचं बघू, कारण ते तुझ्या धीराची वाट बघत बसणार नाही.

कागदावर सांडलेलं पाणी वाळतं, तेल वाळत नाही. ते धाग्याधाग्यातून हळूहळू पसरतं आणि जे चिकटून असेल त्यात उतरतं. तू त्यावर खाकी कागद घट्ट बसवलास, म्हणजे त्याला शेजारही मिळाला आणि हवा मिळेनाशी झाली. एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. खाकी कागद तेल प्यायला की तेवढा भाग गडद आणि अर्धपारदर्शक होतो, वडापावच्या पुडीला होतो ना, तसा. तीन आठवड्यांत मैत्रिणीच्या कपाटात त्या कव्हरवर तसा ठिपका उमटला असण्याची शक्यता चांगलीच आहे. तिला कदाचित कळलंही असेल आणि ती तुझ्या बोलण्याची वाट बघत असेल. म्हणून 'बातमी फोडते आहे' अशा थाटात चिठ्ठी लिहू नकोस. तिला माहीत असलं तरी वाचवेल आणि नसलं तरी कळेल, अशी ती हवी.

आता चिठ्ठी. तुझा मसुदा मी पेन्सिल घेऊन वाचला.

"डाग पडलाय असं वाटतंय." अगं, वाटतंय काय? तूच तर पुसत होतीस! आपल्या मराठीची ही एक मोठी सोय आहे. वाटी कलंडते, दूध उतू जातं, काच फुटते, डाग पडतो, सगळं आपोआप होतं आणि करणारं माणूस वाक्यात सापडत नाही. पत्रात मलाही तू 'वाटी कलंडली' असंच लिहिलंस. त्याला उपाय अगदी छोटा आहे, 'माझ्या हातून'. "वाटी माझ्या हातून सांडली." मुद्दाम केलं नाही हेही त्यात आलं आणि केलं कोणी तेही आलं. 'थोडासा' पण काढ. डाग केवढा आहे ते ती बघणारच आहे. तू 'थोडासा' म्हणालीस आणि तिला तो मोठा दिसला, तर एका डागाचे दोन होतील.

पाहुणे वगळ. ते होते की नव्हते याने मुखपृष्ठाला फरक पडत नाही. शिवाय मला तू लिहिलंस की जेवताना वाचत होते, त्यात पाहुणे कुठे दिसले नाहीत.

"तू रागावणार नाहीस ना?" हा प्रश्न नाही, दटावणी आहे. याला 'नाही गं' सोडून दुसरं उत्तर देता येत नाही. वडिलांच्या पुस्तकावर लोणचं सांडलं तर तिला राग येऊ शकतो, आणि तो आला तर येऊ दे. झोप लागत नाही आणि मी वाईट मैत्रीण आहे, ही दोन वाक्यं तर तिला कामाला लावतात. मी स्वतः हे करून बसले आहे. एका मैत्रिणीच्या पुस्तकावर चहाच्या कपाचं कडं उमटवलं आणि दीड पान माफीनामा लिहिला. ती बिचारी संध्याकाळी घरी आली आणि पाऊण तास मलाच समजावत बसली. पुस्तक तिचं, डाग माझा, आणि चहाही तिनेच केला.

'माफ कर' हा शब्द चूक नाही, पण रोजच्या मैत्रिणीला लिहिताना तो जरा नाटकातला वाटतो. 'दिलगीर आहे' म्हटलं की सोसायटीची नोटीस वाटते. 'सॉरी' आपण रिक्षात धक्का लागला तरी म्हणतो, म्हणून त्याला वजन राहिलेलं नाही. 'चुकलं माझं' लिही, एकदाच, आणि पुढे पूर्णविराम दे.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी तुझ्या मसुद्यात मुळी नाहीच. लोणचं कोणाच्याही हातून सांडतं. तिला लागेल ते हे की तू झाकलंस आणि वर तिचं कौतुक ऐकून घेतलंस. चिठ्ठीचं पहिलं वाक्य त्याबद्दल हवं. डागाबद्दल लिहून कव्हरबद्दल गप्प बसलीस तर तिच्या मनात तेवढंच राहील.

मी अशी लिहिली असती. डागाचं माप आणि जागा मी अंदाजाने घातली आहे, तुझं खरं ते घाल:

"अगं,
तुझ्या पुस्तकाला मी खाकी कव्हर घातलं ते डाग झाकायला. लोणच्याची वाटी माझ्या हातून मुखपृष्ठावर सांडली. खालच्या उजव्या कोपऱ्यात लिंबाएवढा हळद-तेलाचा डाग आहे, आणि मी ओल्या फडक्याने पुसल्यामुळे तो पसरला. मी परत दिलं तेव्हा काकांच्या सहीचं पान स्वच्छ होतं. भिशीत तू कौतुक केलंस तेव्हाच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. चुकलं माझं.
कव्हर लगेच काढ, नाहीतर तेल आत उतरेल. पुढे काय करायचं ते तू सांग, तसं करते."

बस. सहीच्या पानाचं वाक्य मात्र कापू नकोस. डाग म्हटल्यावर तिचा जीव आधी त्या पानाकडेच धावेल.

नवीन प्रतीचं वाक्य मी मुद्दाम गाळलं. नवी प्रत बरोबर घेऊन गेलीस तर त्याचा अर्थ 'हिशोब मिटला' असा होतो, आणि वडिलांच्या सहीचं पुस्तक नव्या प्रतीने भरून येत नाही. तिने मागितली तर जरूर शोध. त्यासाठी आतल्या मुद्रणाच्या पानावरची आवृत्ती आणि साल लिहून घे, कारण नव्या आवृत्तीत मुखपृष्ठ बहुतेक बदललेलं असतं. जुन्या आवृत्त्यांसाठी पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर चौकशी करता येईल. पण तिची प्रत तिच्याकडेच राहील, हे आधी बोल.

चिठ्ठी साध्या कागदावर लिही आणि हातात दे. पुस्तकावर चिकटपट्टीची चिठ्ठी लावायची नाही, त्याचा गोंद मागे राहतो. टाचणी किंवा क्लिपही नको, ती गंजते. व्हॉट्सॲपवर पाठवलीस तर तू निळ्या खुणांकडे बघत बसशील आणि तीही घाईत अंगठा पाठवून मोकळी होईल. दोन दिवसांत भेट होणार नसेल तरच चिठ्ठीचा फोटो पाठव, तेलासाठी. पण भिशीच्या दिवशी, बायकांच्या घोळक्यात, अजिबात देऊ नकोस. तिथे तिला हसून सोडून द्यावं लागेल.

तिने कव्हर काढायला सांगितलं तर काय करायचं तेही ऐकून ठेव, पण तिच्या परवानगीशिवाय हात लावू नकोस. चिकटपट्टी फक्त खाकी कागदावर असेल तर सुटेल. पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्याला लागली असेल तर ओढू नका. पट्टीच्या कडेने खाकी कागद कापा आणि तेवढा तुकडा राहू द्या. मग मुखपृष्ठ तिरप्या उजेडात धरा. वर प्लास्टिकचा चकचकीत पापुद्रा असेल तर तेल वरच राहिलेलं असतं आणि कोरड्या मऊ फडक्याने बरंचसं निघतं. जुन्या पुस्तकांना बहुधा तो नसतो, आणि तुझं ओलं फडकं लागून डाग पसरला म्हणजे इथेही नसावा. अशा वेळी डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉवरचा जाडसर थर घालायचा, वर साधा पांढरा कागद, त्यावर जड पुस्तक, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूलाही एक कोरा कागद सरकवा, म्हणजे तेल पहिल्या पानापर्यंत जाणार नाही. सकाळी मऊ ब्रशने पावडर झटकायची. ती तेलकट, गोळा झालेली दिसली तर काम होतंय, पुन्हा एकदा करा. कोरडीच निघाली तर सुटायचं तेवढं सुटलं, थांबा. तीन आठवड्यांनंतर पूर्ण निघणार नाही, हे तिलाही आधीच सांग.

हळदीचा पिवळा रंग तरीही राहील. त्याला साबण किंवा सोडा लावायचा मोह होईल. लावलात तर डाग लाल होईल, हळदीला चुना लागल्यावर होते तसा. ब्लीच तर कागदच खातं. उन्हात हळद विटते हे आपण पांढऱ्या कपड्यांवर रोज बघतो, पण मुखपृष्ठाची शाई आणि कागदही त्याच उन्हात विटतात, म्हणून मी तो प्रयोग करणार नाही. आणि कोणी 'बाइंडरकडे टाका' म्हणालं तर सावध राहा. साधा बाइंडर जुनं मुखपृष्ठ काढून नवा पुठ्ठा घालतो आणि पानांच्या कडा कापून सारख्या करतो. काकांनी समासात काही लिहिलं असेल तर तेही जाईल. त्यापेक्षा पिवळा डाग परवडला.

चिठ्ठी वाचून ती "जाऊ दे गं" म्हणाली तर जाऊ दे. दर भेटीत पुन्हा उगाळू नकोस. चिडली तर ऐकून घे, तिथे पाहुणे पुन्हा आणू नकोस. आणि भिशीतलं कौतुक कोणी पुन्हा काढलं तर "त्या कव्हरची गोष्ट वेगळी आहे" एवढंच म्हण. पूर्ण गोष्ट सांगायची की नाही ते तिला ठरवू दे.

दुसरं पुस्तक तू मागू नकोस. तिने स्वतःहून दिलं तर घे, आणि जेवणाच्या ताटापासून लांब, हात धुऊन वाच. हो, आणि चिठ्ठी द्यायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून लोणच्याची बरणी घेऊन जाशील. तुझा काही भरवसा नाही. नको नेऊस.

– मावशी