जन्मठेप म्हणजे १४ वर्षं की मरेपर्यंत?

प्रश्न: जन्मठेप १४ वर्षांची असते म्हणतात, कुणी २० सांगतं. आमच्या ओळखीतल्या एकाची १४ वर्षं होऊन गेली, तरी सोडत नाहीत. असं कसं?

जन्मठेप मरेपर्यंतच असते. मी फौजदारी अपिलं चालवतो आणि कैद्यांचे नातेवाईक हाच हिशोब घेऊन येतात. २० हा आकडा भारतीय दंड संहितेच्या कलम ५७ मधला; २०२४ पासून तोच भारतीय न्याय संहितेच्या कलम ६ मध्ये आहे. जन्मठेपेचा अर्धा किंवा चौथा हिस्सा काढायची वेळ आली, तर ती २० वर्षं धरावी, एवढंच ते कलम सांगतं.

यावरचा मूळ निकाल महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या प्रकरणातला आहे. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे फेब्रुवारी १९४८ पासून कैदेत होते. सप्टेंबर १९६० अखेर त्यांची प्रत्यक्ष कैद साडेबारा वर्षांच्या वर गेली होती आणि चांगली वर्तणूक वगैरे धरून मिळालेली माफी २,८९३ दिवस, म्हणजे जवळजवळ आठ वर्षं होती. बेरीज वीसच्या पुढे जाते, तेव्हा मला सोडा, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ते फेटाळलं. माफीचे दिवस वजा करायला आधी शिक्षेला शेवटची तारीख हवी. दहा वर्षांच्या शिक्षेला ती असते, म्हणून माफी वजा होऊन कैदी ठरल्या दिवशी बाहेर येतो, सरकारच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. जन्मठेपेत वजाबाकी कशातून करणार? उरलेली शिक्षा सरकारने आदेश काढून माफ केली, तरच सुटका.

मग १४ कुठून आले? १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घातलं गेलं; २०२४ पासून तोच नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्ये आहे. खुनासारख्या, फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप असेल, तर माफी न धरता प्रत्यक्ष १४ वर्षं काढल्याशिवाय सोडता येत नाही. म्हणजे १४ हा सरकारवरचा लगाम आहे. लोक त्यालाच कैद्याचा हक्क समजतात. खटला चालू असतानाची कैद या १४ वर्षांत धरतात, पण पॅरोलवर बाहेर काढलेला काळ धरायचा नाही, हे गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात २०२३ मध्ये ठरलं. तुमच्या ओळखीच्या माणसाचे पॅरोलचे दिवस आधी मोजा. बऱ्याचदा १४ पुरी झालेलीच नसतात.

झाली असतील, तर राज्याच्या माफी धोरणात तो कोणत्या प्रवर्गात बसतो ते तुरुंग अधीक्षकांकडून लेखी घ्या. महाराष्ट्रात गुन्ह्याच्या स्वरूपानुसार प्रवर्ग पाडलेत. तिथली वर्षं माफी धरून मोजतात, पण प्रत्यक्ष १४ ची अट कायम राहते. खटला दुसऱ्या राज्यात चालला असेल, तर निर्णय त्या राज्याचा.

निकालपत्राचं शेवटचं पानही वाचा. ‘२५ वर्षं माफीशिवाय’ असं उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं असेल, तर ती पुरी होईपर्यंत राज्य सरकारकडे माफीचा अर्ज करून उपयोग नाही. सत्र न्यायालयाला मात्र अशी अट घालता येत नाही, हे २०१५ मध्ये घटनापीठाने सांगितलं आहे. ती सत्र न्यायालयाची असेल, तर अपिलात हा मुद्दा घ्यायलाच हवा.