स्टेमनसाठी आठ पॉइंट लागतातच का?

प्रश्न: ब्रिजमध्ये पार्टनरने वन नो ट्रम्प उघडलं आणि माझ्याकडे फक्त तीन-चार पॉइंट असतील, तर टू क्लब्स, म्हणजे स्टेमन, बोलून चार पानी मेजर, म्हणजे इस्पिक किंवा बदाम, विचारता येतं का? क्लबात सगळे म्हणतात किमान आठ हवेत.

येतं. "आठ हवेत" हे अर्धवट शिकवणं आहे, आणि याच मुद्द्यावर माझ्या जुन्या पार्टनरशी माझं वाजलं होतं.

त्याने १५ ते १७ चं वन नो ट्रम्प उघडलं. माझ्या हातात इस्पिक राणी-८-६-३, बदाम गुलाम-९-७-४, चौकट १०-८-६-५-२, किलवर एकही नाही. एकूण तीन पॉइंट. मी टू क्लब्स बोललो, त्याने टू डायमंड्स म्हणजे "चार पानी मेजर नाही" सांगितलं आणि मी पास दिला. तिथेच त्याचा चेहरा पडला.

किलवरची उतारी झाली. त्याच्याकडे इस्पिक राजा-गुलाम-२, बदाम एक्का-५-२, चौकट राजा-राणी-४, किलवर एक्का-९-७-३. किलवरची तिन्ही छोटी पानं माझ्या डमीने हुकमाने मारली. दोन एक्के, इस्पिकचे दोन, चौकटचा एक. बरोबर आठ हात झाले. नो ट्रम्पमध्ये समोरच्यांनी पाच पानी किलवर उघडून चार हात घेतले असते, वर इस्पिक आणि चौकटचे एक्के आणि चौकटचा गुलाम. म्हणजे एक डाऊन.

तरी तो म्हणाला, "स्टेमनने असं लिहिलेलं नाही." नाव सॅम्युअल स्टेमनचं पडलं ते त्याच्या १९४५ च्या लेखामुळे. मूळ कल्पना त्याचा पार्टनर जॉर्ज रापे याची. नावाचा धाक दाखवून बोली ठरत नाही, समोर येणाऱ्या तीन उत्तरांवर ठरते.

तिन्ही उत्तरांवर निर्धास्त पास देता येत असेल, तर पॉइंट शून्य असले तरी विचारा. टू हार्ट्स किंवा टू स्पेड्स आलं की चार-चारचा मेळ मिळाला. टू डायमंड्स आलं की बहुधा त्याच्याकडे तीन तरी चौकट असतात. म्हणून दोन्ही मेजर चार-चार, चौकट चार-पाच आणि किलवर एक किंवा शून्य, हा आकार लागतो.

किलवर लांब आणि चौकट आखूड असेल तर हे करू नका, टू डायमंड्सवर अडकाल. पाच पानी मेजर असेल तर ट्रान्सफर करा. आणि टू डायमंड्सनंतर पुन्हा बोलायचं असेल, तर तिथे मात्र आठ खरेच लागतात, कारण पार्टनर ती बोली गेमचं निमंत्रण समजतो. क्लबातले लोक हाच नियम पहिल्या टू क्लब्सला लावतात.

आज रात्रीच पार्टनरला सांगून ठेवा की तुमच्या टू क्लब्सवर पॉइंटांचं वचन नाही. तो कुरकुरला तर वरची दोन्ही हातांची पानं त्याच्यासमोर मांडा आणि किलवरची उतारी करून नो ट्रम्प त्यालाच खेळायला द्या.