बाबा, गुगल पे टाकताना एवढं बघा

बाबा, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी लिंक किंवा .apk फाइल पाठवली, तर ती उघडूच नका, पाठवणारा सोसायटीतला असला तरी. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्यायचं.

तिथे शोधल्यावर सगळ्यात वर Sponsored लिहिलेलं दुसरंच अ‍ॅप दिसू शकतं, ती जाहिरात असते. नाव आणि चित्र कोणीही हुबेहूब करतो, म्हणून नावाखालची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. तिथे Google LLC हवं. डाउनलोडही कोटींमध्ये हवेत. काही हजारच दिसले, तर मागे फिरा.

बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये असू द्या आणि त्यात थोडा बॅलन्स ठेवा. पडताळणीचा एसएमएस तुमच्या फोनवरून आपोआप जातो, बॅलन्स नसला की गाडी तिथेच अडते. मग लोक नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि नेमके भामट्याच्या हाती लागतात. तुम्ही तसं करू नका, मला फोन करा. इथे रात्र असली तरी चालेल.

यूपीआय पिन नवा करताना डेबिट कार्डाचे शेवटचे 6 अंक आणि मुदत विचारतील, ते बरोबर आहे. पण पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. "पैसे मिळवायला पिन टाका" म्हणणारा चोरच.