मनाई आदेशाविरुद्धच्या मूटमध्ये पहिली दोन मिनिटं काय बोलावं?

प्रश्न: रत्नागिरीत लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मराठी मूटमध्ये याचिकाकर्त्याकडून पहिली बोलणार आहे. प्रॉब्लेम असा: १२ तारखेला प्रस्तावित बंदराच्या सर्व्हेच्या गाडीची काच फुटली. २६ तारखेला जिल्हाधिकाऱ्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली तालुकाभर दोन महिन्यांचा मनाई आदेश काढला. खंड १ ते ३ हत्यारं, जमाव आणि लाऊडस्पीकरबद्दल आहेत. खंड ४ मध्ये 'बंदराबाबत गैरसमज किंवा नाराजी पसरवणारा मजकूर' टाकायला बंदी. रापण संघाच्या सचिवाने ग्रुपवर 'ग्रामसभेत ठरावाच्या विरोधात हात वर करा' असं लिहिलं म्हणून गुन्हा दाखल. सुरुवात कशी करू? दहाच मिनिटं आहेत.

उत्तर:

सुरुवात आदेशापासून करा, संविधानापासून नको. मी सिंधुदुर्गात वकिली करतो आणि मूटला परीक्षक म्हणून बसतो. भाषणस्वातंत्र्याचा विषय आला की रत्नागिरीची मुलं टिळकांवरच्या खटल्यांपासून सुरू होतात. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे, पण तेवढ्यात तुमची दोन मिनिटं जातात आणि बेंचला अजून कळलेलं नसतं की तुम्हाला नेमकं रद्द काय करून हवंय.

आदेशाचे चारही खंड समोर ठेवा आणि पहिले तीन सोडून द्या. कलम १६३ वरही हल्ला करू नका. ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १४४ आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते १९६१ मध्ये बाबूलाल पराते आणि १९७० मध्ये मधू लिमये प्रकरणात वैध ठरवलंय. पहिला वक्ता तिथे अडकला की बाहेर निघत नाही. उलट हे आपणहून मान्य केलंत तर पुढचं सगळं बेंच जास्त विश्वासाने ऐकतं.

मी असतो तर असं उभा राहिलो असतो:

"न्यायालयाची परवानगी असावी. कलम १६३ च्या वैधतेला आमचं आव्हान नाही. हत्यारं, जमाव आणि लाऊडस्पीकर यांवरच्या खंड १ ते ३ लाही नाही. आव्हान फक्त खंड ४ ला आहे. तो खंड, बंदराबद्दल कोणी नाराज होऊ नये म्हणून तालुक्यातल्या प्रत्येकाचं बोलणं थांबवतो. अनुच्छेद १९(२) मध्ये निर्बंधाची आठ कारणं दिली आहेत. लोकांची नाराजी त्यांत नाही. शासन सार्वजनिक सुव्यवस्थेचा आधार घेईल. म्हणून मी दोनच मुद्दे मांडेन. पहिला, या मजकुराचा आणि सुव्यवस्थेचा जवळचा संबंध आदेशात कुठेही दिसत नाही. दुसरा, संबंध आहे असं मानलं तरी निर्बंध गरजेपेक्षा कितीतरी मोठा आहे."

संथ बोललात तरी एका मिनिटात होतं. आता यातल्या प्रत्येक वाक्यावर प्रश्न येणार, त्याची तयारी करा.

'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण मूळ संविधानात नव्हतं. १९५० मध्ये रोमेश थापर प्रकरणात मद्रास सरकारची साप्ताहिकावरची बंदी रद्द झाली आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने हे कारण आलं. पण त्याच दुरुस्तीने निर्बंध 'वाजवी' असला पाहिजे ही अटही घातली. शासनाचा वकील पहिला भाग सांगेल, दुसरा तुम्ही सांगा. मग १९६० चं राम मनोहर लोहिया प्रकरण घ्या: बोलणं आणि सुव्यवस्था बिघडणं यांचा संबंध जवळचा आणि खरा हवा, ओढूनताणून जोडलेला चालत नाही. लोहियांच्याच नावाचा १९६६ चा निकालही आहे, त्यात कायदा व सुव्यवस्था आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांतला फरक वर्तुळांनी समजावलाय. दोन्हींची गल्लत होते, साल म्हणूनच सांगा.

यानंतर न्यायाधीश हमखास विचारतील, "पण काच फुटली ना?" हो म्हणा. काच फुटणं कोणत्याही बाजूने झाकू नका. ती कायदा व सुव्यवस्थेची बाब आहे, गुन्हा नोंदवून तपास करता येतो. मग तारखांकडे या. घटना १२ ची, आदेश २६ चा. मधल्या चौदा दिवसांत काय घडलं, कोणत्या गावात, कोणत्या संदेशामुळे, यावर आदेशात काही आहे का? असे आदेश मी पुष्कळ वाचलेत. 'शांततेचा भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं एक ठरलेलं वाक्य असतं आणि खाली सही. कलम १६३ ला तेवढं पुरत नाही, महत्त्वाची तथ्यं लेखी आदेशातच यावी लागतात. २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावलं, आणि रास्त मतप्रदर्शन किंवा गाऱ्हाणं दाबण्यासाठी हा अधिकार वापरता येणार नाही असंही म्हटलं. तुमच्या प्रॉब्लेमसाठी याहून जवळचा निकाल नाही.

शासनाच्या शपथपत्रात नवी कारणं असतील, तर १९७८ चा मोहिंदर सिंग गिल निकाल पुढे करा. आदेशात नसलेली कारणं नंतर शपथपत्राने भरता येत नाहीत.

'गैरसमज' या शब्दावर शासन जोर देईल: अफवा पसरू द्यायच्या का? इथे सावध राहा. अफवेने दंगल पेटू शकते हे नाकारू नका. पण गैरसमज कोणता, आणि तो ठरवणार कोण? आदेशात दोन्ही नाही. बंदराचं समर्थन करणारं प्रशासनच विरोधातला मजकूर चुकीचा ठरवणार, असा त्याचा अर्थ होतो. सरकारी कारभाराबद्दलचा मजकूर खोटा की खरा हे सरकारच्याच पथकाने ठरवण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कुणाल कामरा प्रकरणात रद्द केली आहे. तेवढा एक निकाल बास.

मग सचिवाचा संदेश वाचून दाखवा, अख्खा, शब्द न बदलता. ग्रामसभेत हात वर करा, एवढंच आहे त्यात. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे पाडले आणि निर्बंधाचा प्रश्न चिथावणीपाशी येतो असं सांगितलं. हा संदेश दुसऱ्या टप्प्यावरच थांबतो. शिवाय ज्याचा पुरस्कार केलाय ते मतदान कायद्यानेच दिलेलं आहे. हा भाग घाईत उरकू नका, तुमची बाजू इथे सगळ्यात भक्कम आहे.

दुसरा मुद्दा थोडक्यात चालेल. काच एका गावात फुटली, बंदी तालुकाभर. सर्व्हेच्या जागेभोवती बंदोबस्त, त्या गावापुरता जमावबंदी आदेश, चिथावणीच्या नेमक्या संदेशावर कारवाई, हे सौम्य उपाय होते, आणि त्यांचा विचार झाल्याची खूण आदेशात नाही.

राहिले दोन अडथळे. "आधी जिल्हाधिकाऱ्यांकडेच आदेश मागे घ्यायला अर्ज का केला नाही?" तो मार्ग कलम १६३ मध्ये आहे, पण मूलभूत हक्काचा भंग आदेशाच्या तोंडावरच दिसत असताना अनुच्छेद २२६ खालचा अधिकार त्याने बंद होत नाही. "दोन महिने संपले, आता काय उरलं?" गुन्हा उरलाय. आदेशभंगाचं भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ त्याच खंडावर उभं आहे.

मेमोरियलच्या मुखपृष्ठाकडेही बघा. प्रॉब्लेममधला जिल्हा रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग असेल आणि याचिका १८ ऑगस्ट २०२५ नंतरची असेल, तर न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच. रायगड असेल तर मुंबईच.

मागणी शेवटी एका दमात सांगा: खंड ४ रद्द करावा, त्यावर आधारलेला गुन्हा रद्द करावा, खंड १ ते ३ बद्दल आमचं काही म्हणणं नाही. एवढं बोलून दुसऱ्या वक्त्याकडे द्या.