पुसट खरेदीखतं काळी-पांढरी करताना अक्षरं का उडतात?

प्रश्न: आजोबांच्या १९५० च्या आसपासच्या खरेदीखतांचे स्कॅन फार पुसट आलेत. कॉन्ट्रास्ट वाढवला की कोपरे काळे होतात, कमी केला की अक्षरं जातात. जपून ठेवण्याआधी स्वच्छ काळं-पांढरं कसं करू?

उत्तर: कॉन्ट्रास्टची पट्टी अख्ख्या पानाला एकच मोजमाप लावते. तुमच्या पानावर मात्र कोपऱ्यातला पिवळटलेला कागद मधल्या पुसट शाईपेक्षाही गडद असणार. मग ज्याच्या खालचं काळं आणि वरचं पांढरं होतं असा एकच उंबरठा दोन्हीकडे कसा चालेल? प्रत्येक ठिपक्याचा उंबरठा त्याच्या आजूबाजूच्या कागदावरून ठरायला हवा. त्यासाठी सावोला नावाची पद्धत आहे आणि पायथॉनच्या सायकिट-इमेज या लायब्ररीत ती तयार मिळते.

आधी स्कॅन बघा. स्कॅनरचं ‘ब्लॅक अँड व्हाइट’ बटण वापरलं असेल तर पान पुन्हा रंगीत स्कॅन करा, ३०० डीपीआयला, पीएनजी किंवा टिफमध्ये. जेपीईजीमध्ये अक्षरांभोवती जी पुसट धूळ येते तिचेच पुढे काळे कण होतात. मागच्या बाजूचा मजकूर डोकावत असेल तर पानामागे काळा कागद ठेवा. शाई निळी असेल तर स्कॅनचा फक्त लाल चॅनल घ्या. त्यात पिवळा कागद उजळ राहतो आणि निळी शाई गडद दिसते. शाई तपकिरी पडली असेल तर हिरवा चॅनल घेऊन बघा.

```python
from skimage import io, filters
g = io.imread("khat.png")[:, :, 0]   # 0 लाल, 1 हिरवा
t = filters.threshold_sauvola(g, window_size=51, k=0.08)
io.imsave("khat_bw.png", ((g > t) * 255).astype("uint8"))
```

यात सगळा खेळ `k` चा आहे. न सांगितल्यास ते ०.२ धरलं जातं. मी आमच्या घरच्या एका खतावर तसंच चालवलं, तेव्हा अर्धी पानं कोरी आली. कारण आकड्यांत दिसतं. त्या पानावर कागदाची उजळी १९० होती आणि शाईची १६०, म्हणजे फरक जेमतेम तीसाचा. ठिपक्याभोवतीच्या ज्या चौकटीवरून उंबरठा ठरतो तिचा साधारण १५ टक्के भाग शाईचा धरला तर सरासरी १८५ येते आणि प्रमाण विचलन ११ च्या आसपास. सूत्र असं आहे, त्यात T म्हणजे उंबरठा, m सरासरी आणि s प्रमाण विचलन:

```
T = m * (1 + k * (s/R - 1))
```

R म्हणजे ० ते २५५ या उजळीच्या पट्ट्याचा निम्मा, साधारण १२८ असतो. k ०.२ ठेवला की उंबरठा १५१ येतो, आणि १६० ची शाई त्याच्यावर असल्यामुळे पांढरी होऊन जाते. k ०.०८ केला की तो १७१ वर जातो, शाई काळी राहते आणि १९० चा कागद पांढरा. म्हणून पुसट पानाला ०.०५ ते ०.१ च्या दरम्यान करून बघा. पानभर बारीक ठिपके उमटू लागले की k फार खाली गेला असं समजा. चौकट ५१ पिक्सेलची, म्हणजे कागदावर चारेक मिलिमीटरची. ती फार लहान ठेवली तर जाड शिक्क्याचा मधला भाग पोकळ होतो.

आता ठिपके साफ करणं, आणि इथे मी तुम्हाला कळकळीने सांगेन की हात आखडता ठेवा. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये सुटसुटीत झाले. त्याआधीच्या खतात ‘दिलें’, ‘नाहीं’, ‘पांच’ असे अनुस्वार जागोजागी असतात. बोरूचा किंवा टाकाचा पुसट अनुस्वार ३०० डीपीआयला कधीकधी दोन-तीन पिक्सेल रुंद, म्हणजे सहा-सात पिक्सेलांचाच उरतो. ‘डीस्पेकल’ला दहा पिक्सेलांखालचं सगळं पुसायला सांगितलंत, की धुळीबरोबर अनुस्वारही जातात. शून्याचं त्याहून वाईट. हाताने लिहिलेलं लहान शून्य उंबरठा चढवला की आतून बुजतं, त्याचा ठिपका होतो आणि साफसफाईत तोही जातो. ५०० रुपयांचे ५० झालेले पाहिले की मगच धसका बसतो. मी चार पिक्सेलांपर्यंतचे कण काढतो, उरलेली धूळ राहू देतो. समासातली धूळ हाताने पुसायची, मजकुरातली नाही.

तपासताना मूळ आणि नवं पान एकावर एक ठेवून आलटून पालटून बघा. सर्व्हे नंबर, क्षेत्र, रक्कम आणि तारीख आकड्याआकड्याने जुळवा, आणि प्रत्येक पानावरच्या दोन ओळींतले अनुस्वार मोजून बघा.

काळी-पांढरी प्रत टिफमध्ये ग्रुप ४ कॉम्प्रेशनने ठेवा, त्यात काही गमावत नाही. पीडीएफ करताना लॉसी जेबिग२ कॉम्प्रेशन मात्र टाळा. ती पद्धत सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकाच साच्याने बदलते. २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिलं की काही झेरॉक्स यंत्रांच्या स्कॅनमध्ये ६ चे ८ होत होते. आणि रंगीत मूळ स्कॅन काढून टाकू नका. काळ्या-पांढऱ्यात गेलेलं परत आणता येत नाही, रंगीतावरून मात्र उद्या वेगळ्या k ने पुन्हा करता येतं.